फेरिटिनच्या लाल आकड्याशेजारी एक टक्केवारीही छापा

प्रति,
महाराष्ट्रातील पॅथॉलॉजी लॅबचे चालक आणि त्यांचे रिपोर्ट वाचणारे फॅमिली डॉक्टर यांस,

स. न. वि. वि.

हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये हल्ली फेरिटिन सर्रास असते. आकडा मर्यादेबाहेर गेला की तो लाल किंवा ठळक छापला जातो आणि खाली 'शरीरात लोह जास्त' अशी एक तयार ओळ पडते. रुग्ण तो कागद घेऊन तीन गोष्टी करतो. लोखंडी कढई माळ्यावर टाकतो, पालक आणि गूळ बंद करतो आणि इंटरनेटवर 'हिमोक्रोमॅटोसिस' हा शब्द शोधून रात्रभर जागतो. काहींना महागडी जनुकीय चाचणी करायला सांगितले जाते, तर काहींना थेट रक्त काढून टाकायला. यातले बहुतेक लोक लोहाचे रुग्ण नसतातच. आणि ज्या थोड्यांच्या शरीरात लोह खरोखर साचत असते, त्यांचा आकडा पुष्कळदा इतका साधा दिसतो की तो कोणाच्या डोळ्यांतही भरत नाही.

हे पत्र लिहिण्याचे कारण एवढेच, की या दोघांना वेगळे काढणारी तपासणी स्वस्त आहे, जुनी आहे आणि बहुतेक लॅबमध्ये होते. ती फेरिटिनसोबत केली जात नाही, किंवा केली तरी वाचली जात नाही. तिचे नाव ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन.

दोन नमुना रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून पाहू. पहिला ४६ वर्षांच्या पुरुषाचा: फेरिटिन ६८४. दुसरा ४१ वर्षांच्या पुरुषाचा: फेरिटिन ५२०. (एकक दोन्हीकडे नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, लॅबची वरची मर्यादा ४००.) केवळ यावरून निवडायचे तर कोणीही पहिल्याची काळजी आधी करेल. आता त्याच रक्तातले सीरम आयर्न आणि टीआयबीसी मोजा. पहिल्याचे आयर्न ९२, टीआयबीसी ३१८. आयर्नला टीआयबीसीने भागून शंभराने गुणले की सॅच्युरेशन २९ टक्के येते. दुसऱ्याचे आयर्न १९६, टीआयबीसी २४८. सॅच्युरेशन ७९ टक्के. ज्याचे फेरिटिन कमी, धोक्याचा रिपोर्ट त्याचाच आहे.

असे का होते ते नीट समजून घेण्यासारखे आहे.

लोहाला शरीरात यायला दार आहे, पण हवे तेव्हा बाहेर काढायला दार नाही. आतड्याच्या आणि कातडीच्या झडणाऱ्या पेशींबरोबर रोज १ ते २ मिलिग्रॅम जाते, तेवढेच आपण अन्नातून शोषतो आणि हिशेब जुळतो. हा हिशेब यकृत सांभाळते. लोह पुरेसे झाले की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक सोडते आणि आतड्याच्या पेशीतून लोह रक्तात सोडणारी वाट, म्हणजे फेरोपोर्टिन, बंद होते. आनुवंशिक हिमोक्रोमॅटोसिसमध्ये बिघाड इथेच असतो. लोह कितीही साचले तरी हेप्सिडिन पुरेसे तयार होत नाही आणि वाट उघडीच राहते. रोज अवघा १ मिलिग्रॅम जादा शिरला तरी वर्षाला ३६५ मिलिग्रॅम होतात, ३० वर्षांत जवळपास ११ ग्रॅम. निरोगी माणसाच्या अख्ख्या शरीरात मिळून ३ ते ४ ग्रॅम लोह असते, यावरून अंदाज यावा.

आत आलेले लोह रक्तातून ट्रान्सफेरिन वाहून नेते. शंभर जागांची एसटी धरली तर एरवी त्यात वीस ते चाळीस प्रवासी बसलेले असतात. हिमोक्रोमॅटोसिसमध्ये दार सतत उघडे असल्याने गाडी भरते, आणि जागा संपत आल्या की लोह मोकळे फिरू लागते. हे मोकळे लोह यकृत, स्वादुपिंड, हृदय, पिट्यूटरी ग्रंथी आणि सांधे यांत घुसते आणि तिथे नासधूस करते. म्हणून या आजारात आधी वाढते ते सॅच्युरेशन. फेरिटिन ही गोदामाची नोंद आहे, ती नंतर वर्षानुवर्षे हळूहळू चढते. विशी-तिशीतल्या रुग्णाचे सॅच्युरेशन ७० टक्के आणि फेरिटिन अगदी नॉर्मल असू शकते.

उलट फेरिटिन वाढायला लोह लागतेच असे नाही. फेरिटिन हे पोकळ गोळ्यासारखे प्रथिन आहे. पेशीच्या आत त्यात साडेचार हजारांपर्यंत लोहाचे अणू मावतात, पण रक्तात सापडणारे फेरिटिन बरेचसे रिकामेच असते. आपली तपासणी गोळे मोजते, गोळ्यांच्या आतले लोह मोजत नाही. शरीरात कुठेही दाह झाला की पेशी फेरिटिन जास्त बनवतात. यकृताच्या पेशी दुखावल्या की ते गळून रक्तात येते. कोविडच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, हा शब्द घराघरांत पोचला तो याच कारणाने. तेव्हा वॉर्डात रोज फेरिटिन पाहिले जायचे ते दाह किती पेटलाय हे कळावे म्हणून, कोणाच्या लोहाची तिथे काही चौकशी नव्हती. डेंग्यूच्या तापातही ते हजारांच्या घरात जाते. तरीही पॅकेजच्या कागदावर तोच आकडा आला की आपण 'लोह जास्त' छापतो, हे जरा चमत्कारिक आहे.

आता पहिल्या रुग्णाकडे वळू. फेरिटिन ६८४, सॅच्युरेशन २९ टक्के. उरलेला रिपोर्ट त्याच पानावर असतो, फक्त एकत्र वाचायचा असतो: एसजीपीटी ७१, ट्रायग्लिसराइड्स २६४, उपाशीपोटी साखर ११२, एचबीए१सी ६.१, सीआरपी ४. कमरेचा घेर मोजला तर १०४ सेंटिमीटर. हे फॅटी लिव्हरचे चित्र आहे. आपल्याकडे ओपीडीत दिसणाऱ्या वाढलेल्या फेरिटिनचे हे फार मोठे कारण. अशा लोकांत फेरिटिन साधारण ३०० ते १००० च्या दरम्यान रेंगाळते आणि सॅच्युरेशन ४५ टक्क्यांखाली राहते. उपचार लोहाचा नाही, पोटाच्या घेराचा आणि साखरेचा आहे. वजन उतरले की एसजीपीटीमागोमाग फेरिटिनही उतरते, पण त्याला महिने लागतात. तेव्हा दर पंधरा दिवसांनी ते तपासून पैसे घालवू नयेत. यकृताला जून वण पडलाय का हे पाहायला फायब्रोस्कॅन किंवा निदान एफआयबी-४ चा हिशेब करावा. त्याच्या भवितव्याचा अंदाज त्यावरून येतो, फेरिटिनवरून नाही.

या रुग्णाचे रक्त काढून काही साधते का? नाही. फॅटी लिव्हरमध्ये रक्त काढून पाहण्याचे नियंत्रित प्रयोग झाले आहेत. फेरिटिन खाली आले, पण यकृताच्या सुजेत आणि इन्सुलिनच्या कामात म्हणावा तसा फरक पडला नाही. आकडा सुधारला, माणूस होता तिथेच.

त्याला दारूबद्दल विचारायला मात्र विसरू नका, आणि 'घेता का' असे विचारू नका. 'आठवड्यात किती दिवस आणि एका बैठकीला किती पेग' असे विचारा. दारूने फेरिटिन दोन वाटांनी वाढते: यकृताच्या पेशी दुखावतात, शिवाय हेप्सिडिनही दबते. त्यामुळे नियमित पिणाऱ्याचे सॅच्युरेशनसुद्धा थोडे वर जाऊ शकते आणि खोटा हिमोक्रोमॅटोसिस उभा राहतो. सहा ते आठ आठवडे पूर्ण बंद ठेवून तपासणी पुन्हा केली की आकडा बराच घसरतो, आणि न घसरला तर पुढे शोधायला कारण मिळते.

दुसऱ्या रुग्णाचे ७९ टक्के पाहूनही लगेच निदान करायचे नाही. सीरम आयर्न दिवसभरात वरखाली होते आणि लोहाची गोळी किंवा लोह असलेले मल्टिव्हिटामिन घेतल्यावर काही तास उसळलेले असते. म्हणून गोळ्या आठवडाभर बंद ठेवून सकाळी उपाशीपोटी पुन्हा नमुना घ्यावा. आमच्या नमुन्यात दुसऱ्यांदा आयर्न १८८ आणि टीआयबीसी २४४ आले असे धरू, म्हणजे ७७ टक्के. आता हे खरे मानायचे. लॅबच्या बाजूने एक सूचना: हा नमुना साध्या किंवा जेलच्या ट्यूबमधलाच हवा. हिमोग्राममधून उरलेल्या ईडीटीए ट्यूबवर आयर्न लावू नये, कारण ईडीटीए लोहाला स्वतःच धरून ठेवते आणि आकडा चुकतो.

टक्केवारी वाचतानाही एक फसगत होते. सॅच्युरेशन हा भागाकार आहे, त्यामुळे वरचा आकडा वाढला किंवा खालचा घटला, दोन्हींनी ते चढते. यकृत थकले किंवा माणूस फार कुपोषित असला की ट्रान्सफेरिन कमी बनते. समजा आयर्न ९० आहे आणि टीआयबीसी अवघे १८०. टक्केवारी ५० येते, पण लोह जादा कुठेच नाही, गाडीच लहान झाली आहे. म्हणून रिपोर्टवर केवळ टक्केवारी न छापता तिन्ही आकडे छापावेत.

दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत भारतात पहिला प्रश्न हिमोक्रोमॅटोसिसचा नसतोच, तो रक्ताचा असतो. थॅलेसेमिया इंटरमीडियासारख्या आजारात हाडातल्या मगजाची धडपड हेप्सिडिनला दाबून टाकते आणि एकही पिशवी रक्त न चढवता लोह साचते. हिमोग्राममध्ये एमसीव्ही पाहा, रेटिक पाहा, स्लाइड स्वतः पाहा आणि एचपीएलसीने हिमोग्लोबिनची तपासणी करा. रक्त चढवले गेले असेल तर हिशेब सरळ आहे: प्रत्येक पिशवीबरोबर २०० मिलिग्रॅमच्या आसपास लोह आत जाते आणि ते बाहेर पडत नाही. याच ओघात आपल्याकडची एक जुनी चूक. थॅलेसेमिया मायनर असलेल्या माणसाचे हिमोग्लोबिन थोडे कमी आणि पेशी लहान दिसतात, म्हणून त्याला 'रक्त कमी आहे' असे सांगून वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या चालू राहतात. अशा माणसाचे फेरिटिन वाढलेले दिसले तर आधी गोळ्यांची पाकिटे मागवून बघा.

आता जनुकीय चाचणीबद्दल, कारण पैसा आणि घबराट दोन्ही इथे जास्त वाया जातात. एचएफई जनुकातला सी२८२वाय हा बदल १९९६ मध्ये सापडला. तो उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे. आयर्लंडमध्ये साधारण ८३ माणसांमागे एकाला त्याच्या दोन प्रती मिळालेल्या असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. भारतीयांत हा बदल जवळपास सापडत नाही. आपल्याकडे सापडतो तो एच६३डी, आणि तो बराच सापडतो. पण एच६३डी एकट्याने लोह साठवत नाही. म्हणजे फेरिटिन ६८४ आणि सॅच्युरेशन २९ असलेल्या पहिल्या रुग्णाची ही चाचणी केली, तर त्यात 'एच६३डी पॉझिटिव्ह' निघण्याची चांगलीच शक्यता आहे, आणि फॅटी लिव्हरच्या माणसावर जन्मभरासाठी आनुवंशिक आजाराचा शिक्का बसेल. सॅच्युरेशन ४५ टक्क्यांखाली असेल तर एचएफई चाचणी लिहूच नये.

याची दुसरी बाजू डब्लिन किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला कळायला हवी. तिथले डॉक्टर सवयीने एचएफई तपासतात. ती तिथे योग्यच आहे, पण आपल्या माणसाची चाचणी निगेटिव्ह आली म्हणून हिमोक्रोमॅटोसिस नाही असे ठरत नाही. सॅच्युरेशन सतत चढे असेल आणि रक्ताचा आजार नसेल, तर एचजेव्ही, एचएएमपी, टीएफआर२ आणि एसएलसी४०ए१ ही जनुके पाहावी लागतात. यातल्या पहिल्या दोघांचा आजार तरुणपणीच उफाळतो. पंचविशीतला मुलगा, दाढी विरळ होत चाललेली, धाप लागते, हृदय फुगलेले, फेरिटिन हजारांत आणि सॅच्युरेशन शंभराला टेकलेले. किंवा तरुण मुलगी, पाळी थांबलेली. इथे महिन्यांची नव्हे, आठवड्यांची घाई असते, कारण जीव जातो तो हृदयामुळे.

आणि सी२८२वायच्या दोन प्रती असल्या तरी प्रत्येक जण आजारी पडतो असे नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या पाहणीत अशा पुरुषांपैकी सुमारे २८ टक्क्यांना लोहामुळे आजार झाला, स्त्रियांपैकी अवघ्या १ टक्क्याला. स्त्रियांना पाळी आणि बाळंतपणे बरीच वर्षे वाचवतात.

लोह खरोखर किती साचले आहे हे आता सुईने यकृताचा तुकडा न काढताही कळते. यकृताचा एमआरआय, आर२ किंवा टी२-स्टार पद्धतीने, लोह मिलिग्रॅममध्ये सांगतो. मात्र एमआरआय सेंटरला फोन करून 'लिव्हर आयर्न करता का' हे आधी विचारा, कारण साध्या पोटाच्या एमआरआयच्या चिठ्ठीवर ते होत नाही. पहिल्यासारख्या एखाद्या रुग्णात फेरिटिन हजाराच्या वर राहिले आणि कारण सापडेना, तरीही हाच मार्ग. तिथे उत्तर 'लोह नाही' आले की शोध दुसरीकडे वळवता येतो: लपलेला दाह, गाठ, किंवा लहान वयात मोतीबिंदू असलेल्या घराण्यांत दिसणारा फेरिटिनचा निरुपद्रवी वारसा, ज्यात रक्त काढले तर माणूस फक्त अशक्त होतो.

निदान पक्के झालेल्याचा उपचार मात्र विलक्षण साधा आहे: रक्तपेढीत जाऊन रक्त काढायचे. त्याचा हिशेब असा. हिमोग्लोबिन १५ असेल तर ३५० मिलिलिटरच्या पिशवीत ५२ ग्रॅमच्या आसपास हिमोग्लोबिन जाते, आणि दर ग्रॅममागे ३.४ मिलिग्रॅम लोह, म्हणजे पिशवीमागे सुमारे १८० मिलिग्रॅम. जादा लोह ४ ग्रॅम असेल तर आठवड्याला एक पिशवी धरून २२ पिशव्या, पाच-साडेपाच महिने. दर वेळी आधी हिमोग्लोबिन पाहायचे, ११ च्या खाली असेल तर तो आठवडा सोडायचा. चार पिशव्यांमागे एकदा फेरिटिन. ते ५० च्या आसपास आले की आठवड्याचा फेरा थांबवून वर्षाला तीन-चार पिशव्यांवर यायचे. सॅच्युरेशन बरेचदा चढेच राहते, त्याच्या मागे धावू नये.

हाच हिशेब निदानाचीही परीक्षा घेतो. ज्याच्याकडे लोह खरोखर आहे, तो वीस पिशव्या देऊनही हिमोग्लोबिन टिकवतो, कारण गोदामातून माल येत राहतो. पाच-सहा पिशव्यांतच हिमोग्लोबिन कोसळू लागले तर हात थांबवा. गोदाम रिकामे होते, आपण फलक वाचून माल धरला होता. थॅलेसेमियाच्या रुग्णाचे रक्त तर काढता येत नाहीच, त्याला लोह बांधून बाहेर काढणारी डेफेरासिरॉक्स किंवा डेफेरिप्रोनसारखी औषधे लागतात.

आहाराबद्दल थोडक्यात. कढई खाली काढा, भाकरीबरोबर पालेभाजी खा. आठवड्याला १८० मिलिग्रॅम बाहेर जात असताना पालकातल्या दोन-तीन मिलिग्रॅमची चिंता व्यर्थ आहे. बंद करायचे ते लोहाच्या आणि व्हिटामिन सीच्या गोळ्या, आणि दारू. कोकण आणि गोव्याच्या लोकांना मात्र एक गोष्ट बजावून सांगा: कालवे, तिसऱ्या, शिंपल्या पूर्ण शिजवूनच. समुद्रातला व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जंतू लोहावर पोसतो, आणि लोह साचलेल्या माणसात तो एका दिवसात रक्तात पसरू शकतो. पायाला उघडी जखम असताना खाडीच्या पाण्यात उतरणेही टाळावे.

एक उलटी चूकही सांगायला हवी. संधिवात असलेल्या बाईंचे हिमोग्लोबिन ९.२, फेरिटिन ९५. रिपोर्टवर फेरिटिन नॉर्मल, म्हणून लोह दिले जात नाही. सॅच्युरेशन पाहिले तर ९ टक्के. दाहाने फेरिटिन वर ढकलले आहे आणि खाली लोह आटले आहे. इथेही तीच टक्केवारी कामी येते.

तेव्हा आमची मागणी दोन गोष्टींची आहे. लॅबना: पुरुषांत ३०० आणि स्त्रियांत २०० च्या वर फेरिटिन आले तर त्याच सीरमवर आयर्न आणि टीआयबीसी लावण्याची सोय ठेवा. नमुना फ्रिजमध्ये असतोच, रुग्णाला पुन्हा टोचावे लागत नाही. आणि 'शरीरात लोह जास्त' ही तयार ओळ काढून तिच्या जागी ही छापा: 'फेरिटिन दाह, यकृताचे आजार, मद्यपान आणि स्थूलतेतही वाढते. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ४५ टक्क्यांहून कमी असल्यास लोहाचा साठा वाढलेला असण्याची शक्यता कमी. ४५ टक्के किंवा अधिक असल्यास सकाळी उपाशीपोटी तपासणी पुन्हा करावी.'

डॉक्टरांना: दुसऱ्या नमुन्यासारखा रुग्ण सापडला आणि जनुकीय निदान पक्के झाले, तर त्याच्या चिठ्ठीवर औषधाआधी भावंडांची नावे लिहा. एचएफई, एचजेव्ही किंवा टीएफआर२ च्या आजारात सख्ख्या भावाला किंवा बहिणीला तोच आजार असण्याची शक्यता चारात एक असते. त्यांना आज काही त्रास नसेल, एसजीपीटीही नॉर्मल असेल. त्यांचे सॅच्युरेशन, फेरिटिन आणि सापडलेला तोच एक जनुकीय बदल तपासा. यकृताला वण पडण्याआधी सापडलेल्या माणसाला वर्षाला तीन-चार वेळा रक्तपेढीत जाण्यापलीकडे फारसे काही करावे लागत नाही.

आपले,
प्रयोगशाळेत आणि रक्तविकारांच्या ओपीडीत काम करणारे काही सहकारी